डब्यावर ॲप्टएक्स, कानात एसबीसी

हेडफोनच्या डब्यावर 'ॲप्टएक्स' छापलेले पाहून आपली मुले जादा पैसे मोजतात. पण आयफोनला जोडल्यावर आवाज साध्या 'एसबीसी'तूनच येतो. असे का? कोडेक म्हणजे आवाज आवळून पाठवण्याची व पुन्हा उलगडण्याची रीत. जोडणी होताना फोन हेडफोनकडे त्याला येणाऱ्या रीतींची यादी मागतो आणि दोघांनाही येणारी एक ठरवतो. आयफोनला ॲप्टएक्स येतच नाही. त्याला येते एएसी. दुकानदार हे सांगत नाही, हे आम्हाला खटकते. हेडफोनला एएसी येत नसेल, तर उरते एसबीसी, कारण ब्लूटूथवरून गाणी ऐकवणाऱ्या यंत्रांना ती सक्तीचीच आहे. अँड्रॉइड फोनवर मात्र दोघांना चांगली रीत येत असूनही एसबीसीच लागली, तर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या हेडफोनसमोरचे HD audio बंद आहे का, ते आधी पाहावे.