लेकीचं बाळंतपण परदेशी, नोंद वर्षाच्या आत!

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. पण कुरुंदवाडची लेक दुबईला नांदत असेल, तर आता आईच डिंकाचे लाडू घेऊन तिकडे जाते. या धांदलीत एक काम मात्र मागे पडू देऊ नका.

दुबईत जन्मल्यामुळे बाळ तिथलं नागरिक होत नाही. आई-बाप भारतीय म्हणून ते आपोआप भारतीय ठरतं, असंही नाही बरं का! ३ डिसेंबर २००४ पासूनचा कायदा असा, की जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद झाली पाहिजे. त्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं.

समजा, बाळ १० मार्चला जन्मलं. प्रथम इस्पितळाच्या कागदावरून तिथल्या आरोग्य खात्याचा जन्मदाखला काढायचा. तो हाती येताच आई-वडिलांच्या पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. घोटाळा होतो तो इथंच! लेकीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि दाखल्यावर सासरचं, किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं. अशी चूक दाखला देणाऱ्या कार्यालयातूनच आधी दुरुस्त करून घ्यावी. नाहीतर पुढचे सगळे कागद अडतात.

मग जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडून वकिलातीकडे जन्मनोंदणीचा अर्ज करायचा. लग्नपत्रिका आणि फोटो यांवर भागत नाही. म्हणून लेकीचं लग्न नोंदवलेलं नसेल, तर ती परदेशी जाण्याआधीच इथं नोंदवून घ्या.

नोंदीबरोबरच पहिल्या पासपोर्टचा अर्ज देतात. फोटोत बाळाचे डोळे उघडे हवेत आणि मागे धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो घेतला की साधतं. हा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. तिथला राहण्याचा परवानाही त्यावरच मिळतो, म्हणून वर्ष संपायची वाट पाहू नये.

काहीजणी म्हणतात, "गावी आल्यावर नगरपालिकेत नाव घालू की!" कायमचं राहायला परतलेल्यांना, बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथं जन्म नोंदवता येतो, हे खरं. पण ती झाली नुसती जन्माची नोंद. नागरिकत्वासाठी वकिलातीतलीच नोंद लागते.

आणि वर्ष उलटलंच तर? दार बंद होत नाही. पण मग केंद्र सरकारची परवानगी लागते. उशीर का झाला ते लिहून वकिलातीमार्फतच अर्ज करायचा आणि दिल्लीच्या उत्तराची वाट पाहायची. तोवर बाळाचा पासपोर्ट नाही आणि त्यावाचून आजोळी येणंही नाही. तेव्हा बारशाची तारीख ठरवाल, तेव्हाच या कामाचीही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.