दोरीला बांधलेली पेन्सिल

"सर, नवीन ठिकाणी अर्ज केलाय. चार ओळी लिहून द्याल का?" आमच्या कारखान्यात पाच वर्षं स्टोअर सांभाळलेल्या सहकारी बाईंचा फोन आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि रात्री लिहायला बसलो. पहिलं वाक्य आपोआप उमटलं: "त्या अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक आणि सर्वांशी मिळूनमिसळून वागणाऱ्या आहेत." वाचून पाहिलं. यातला शब्दन् शब्द खरा होता, पण हेच वाक्य मी आमच्या वॉचमनबद्दल किंवा अकाउंटंटबद्दलही लिहू शकलो असतो. ज्यांना ते वाचायचं होतं, त्यांच्या टेबलावर अशी दहा पत्रं पडलेली असणार.

ते पान फाडलं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: त्या आल्या तेव्हा स्टोअर कसं होतं आणि गेल्या तेव्हा कसं होतं?

त्या आल्या तेव्हा रजिस्टर एक सांगायचं आणि रॅक दुसरंच. रजिस्टरवर बारा बेअरिंगं शिल्लक असायची आणि रॅकवर हात घातला की सातच निघायची. त्यापायी महिन्यातून तीन-चारदा मशिन थांबायचं. चोरी म्हणावी तर तसं काही नव्हतं. रात्रपाळीत घाईने माल उचलला जायचा, 'नोंद सकाळी करू' म्हणायचं आणि सकाळ झाली की विसरायचं.

बाईंनी पहिले पंधरा दिवस फक्त पाहिलं. मग प्रत्येक रॅकला बिन कार्ड लावलं आणि कार्डाशेजारी सुतळीने एक पेन्सिल बांधली. लोक नोंद टाळत होते ते बहुतेक वेळा आळसाने नव्हे, हाताशी लिहायला काही नसायचं म्हणून, हे त्यांनी हेरलं होतं. रोज सकाळी आठ वाजता त्या कार्डं आणि रजिस्टर ताडून पाहायच्या. तफावत दिसली की रात्रपाळीचा सुपरवायझर घरी जायच्या आत त्याला गाठायच्या. त्या आल्या त्या मार्चच्या मोजणीत साधारण अठराशे वस्तूंपैकी २१२ वस्तूंमध्ये तफावत निघाली होती. पुढच्या मार्चला ती ४७ वर आली.

पत्रात मी एवढंच मांडलं. मात्र ४७ हा नुसता आकडा लिहून भागत नाही. 'तफावत मोठ्या प्रमाणावर घटली' हे जितकं पोकळ, तितकंच 'तफावत ७८ टक्के घटली' हेही पोकळ वाटतं, जोवर आधी किती होती, कशातून मोजली आणि कुणी मोजली हे कळत नाही. म्हणून लिहिलं: "ही मोजणी बाहेरच्या लेखापरीक्षकांनी केली. मी तेव्हा उत्पादन विभाग पाहत होतो आणि रोज त्यांच्या स्टोअरमधून माल घेत होतो." हे दुसरं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण कुठे उभे राहून पाहिलं हे सांगितलं की वाचणाऱ्याला आपल्या शब्दाचं वजन ठरवता येतं. मी त्यांचा साहेब नव्हतो, त्यांच्या कामावर अवलंबून असलेला माणूस होतो. म्हणून त्यांच्या रजा, पगार किंवा खरेदीतल्या वाटाघाटींबद्दल मी अक्षर लिहिलं नाही. ते मी पाहिलेलंच नव्हतं.

आकड्यांच्या बाबतीत एक पथ्य पाळावं लागतं. जुन्या कंपनीची गिऱ्हाईकं, खरेदीचे दर, मालाची किंमत हे आपलं नव्हे, त्यामुळे ते पत्रात येऊ नये. वस्तूंची संख्या लिहिण्याआधीही मी आमच्या मालकांना विचारून घेतलं.

विशेषणं मी सगळीच काढली असं नाही. 'चिकाटी' हा शब्द ठेवला, पण सकाळी आठच्या ताडणीनंतर. कृती आधी वाचली की शब्द पटतो. शब्द आधी आला तर वाचणारा पुढे पुरावा शोधत बसतो.

मसुदा झाल्यावर बाईंना वाचून दाखवला. हे नेहमी करावं, कारण मुलाखतीत त्या पत्रातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न त्यांनाच येणार. आपण कौतुकाच्या भरात वाढवून लिहिलं तर अडचणीत त्या येतात. त्या शांतपणे ऐकत होत्या. ४७ च्या आकड्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"सर, त्या वर्षी कंपनीने निम्मा जुना माल भंगारात काढला होता. थोडी तफावत त्यानेच कमी झाली. ते लिहा."

मी ते लिहिलं. "आणि रात्री स्टोअरला कुलूप लावायची कल्पना माझी नाही," त्या म्हणाल्या, "ती रात्रपाळीच्या सुपरवायझरची." मी कुलपाची ओळ खोडली आणि पेन्सिलीची ठेवली.