वाकडं पुस्तक

माझ्या छापखान्यात टेबलावर एक वाकडं पुस्तक ठेवलेलं असतं. टेबलावर आडवं ठेवलं की वरचा पुठ्ठा केळ्यासारखा वर उचलतो. बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मी "बघतो" म्हणालो होतो, त्याचं ते फळ. ‘बघतो’ म्हणताना माझ्या मनात ‘नाही’ होतं, त्यांनी ऐकलं ‘हो’. मग चार रात्री जागून पुस्तकं केली, ती वाकली आणि निम्मी परत आली. गर्दीचं काम नाकारण्याची वेळ आली की आता हे पुस्तक मी समोर ठेवतो.

गेल्या ऑगस्टमध्ये एक गृहस्थ आले. वडिलांची पंच्याहत्तरी, त्यांच्या आठवणींचं पुस्तक. २४० पृष्ठं, ५०० प्रती, पक्की बांधणी. दिवस सोमवार आणि प्रकाशन येत्या रविवारी. हॉल ठरलेला, पत्रिका वाटलेल्या. "पाचशेच तर प्रती आहेत, आणि पैसे जास्त घ्या," असं म्हणून ते खुर्चीत टेकले.

या दोन्ही वाक्यांत गफलत आहे, आणि नकार नीट द्यायचा तर आधी ती उलगडून दाखवावी लागते.

प्रती थोड्या म्हणजे वेळ थोडा, हे ऑफसेट छपाईला लागू पडत नाही. पुस्तक सोळा-सोळा पृष्ठांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. २४० पृष्ठांचे पंधरा फॉर्म होतात, आणि प्रत्येकाच्या दोन बाजूंना एकेक म्हणजे तीस प्लेटा. दर प्लेटेला जुनी काढणं, नवी लावणं, शाई जुळवणं, पानं सरळ रेषेत येताहेत ना ते पाहणं यात सुमारे अर्धा तास जातो. पाचशे कागद छापायला मात्र मशीनला काही मिनिटंच लागतात. म्हणजे पंधरा तास नुसत्या तयारीचे. प्रती हजार केल्या तरी हे पंधरा तास तेवढेच आणि शंभर केल्या तरी तेवढेच.

राहिले पैसे. गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी मी प्रत्येक कामाचे तास दोन रकान्यांत मांडतो. पहिल्या रकान्यात हाताचे तास: छपाई, घडी, फॉर्म क्रमाने लावणं, जुजबंदी म्हणजे दोऱ्याची शिवण. दुसऱ्यात वाट पाहण्याचे तास: शाई वाळणं, गोंद सुकणं, पुस्तक दाबाखाली राहणं. पहिल्या रकान्यातले तास पैशाने कमी होतात. रात्रपाळी लावा, घडीला दोन माणसं वाढवा. दुसऱ्या रकान्याला मात्र पैशाची भाषा कळत नाही.

शाई पुरती वाळण्याआधी घडी घातली, तर समोरच्या पानावर अक्षरांची उलटी, फिकी सावली उमटते. मुखपृष्ठाचे रंग ओले असताना लॅमिनेशन केलं, तर आत बुडबुडे धरतात किंवा फिल्म सुटते. सगळ्यात हट्टी काम पक्क्या बांधणीचं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अस्तराचा कागद गोंदाने चिकटवतात. ओला कागद फुगतो आणि सुकताना आकसतो. त्या काळात पुस्तक वजनाखाली दाबून ठेवलं, तर पुठ्ठा सरळ राहतो. घाईने बाहेर काढलं, तर कागद पुठ्ठ्याला ओढून वाकवतो. त्यातून ऑगस्ट, म्हणजे हवेतच ओल. माझं टेबलावरचं पुस्तक असंच वाकलं.

मग हिशेब मांडला. मंगळवारी दुपारी मजकूर कायम झाला, तर संध्याकाळी प्लेटा आणि बुधवारी रात्रपाळी लावून छपाई. गुरुवारी सकाळपर्यंत शाई वाळेल, मग घडी. शुक्रवार-शनिवार शिवण. रविवारी, म्हणजे प्रकाशनाच्या दिवशी, कण्याला गोंद आणि कापणी. सोमवारी पुठ्ठे चढतील आणि मंगळवारपर्यंत दाब. इतकं पळूनही पुस्तक दोन दिवस उशिराच. मी कागद त्यांच्यासमोर सरकवला आणि म्हणालो, "रविवारी पक्क्या बांधणीच्या पाचशे प्रती होणार नाहीत."

हे वाक्य आधी आणि एकट्याने बोलावं लागतं. त्याला "तरी प्रयत्न करतो"ची शेपटी जोडली, तर माणूस शेपटीच धरून घरी जातो आणि दुसरीकडे चौकशी करण्याचा वेळही गमावतो.

त्यानंतर प्रश्न माझा होता: "रविवारी व्यासपीठावर नक्की काय व्हायला हवं?" ते जरा थांबले. पाहुणे पाच पुस्तकं उलगडतील. वडिलांचे शाळासोबती, नातेवाईक, मिळून दीडशे माणसं येतील. त्यातली चाळीसेक घरं अशी, की त्यांना त्याच दिवशी पुस्तक हातात द्यायला हवं. म्हणजे रविवारची खरी गरज पन्नास प्रतींची होती. पाचशे हा आकडा घाईचा नव्हता, नुसता सोबत आला होता.

पर्याय मी दोन दिले, आणि दोन्हींची किंमत सांगूनच. पहिला: रविवारसाठी पन्नास प्रती डिजिटल छपाईने, कागदी मुखपृष्ठात. तिथे प्लेटा नाहीत, टोनर वाळायची वाट नाही, आणि कण्याला लावायचा गरम गोंद काही मिनिटांत धरतो. प्रत ऑफसेटपेक्षा महाग पडेल. पक्क्या पाचशे प्रती रात्रपाळीशिवाय, त्याच्या पुढच्या शनिवारी. दुसरा: पाचशेच्या पाचशे प्रती कागदी मुखपृष्ठात शनिवारी संध्याकाळी, रात्रपाळीच्या दराने. "पण यात एका तासाचीही सवड नाही," हे मी बजावलं. वीज गेली किंवा एक फॉर्म पुन्हा छापावा लागला, तर रविवारी हातात शून्य.

त्यांनी पहिला घेतला. तेव्हा मी तीन अटी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवल्या, कारण तोंडी पर्याय चार दिवसांत पुन्हा पहिली मागणी होऊन बसतो. मजकूर मंगळवारी दुपारी बारापर्यंत सहीनिशी कायम. पुढे दुरुस्ती नाही. मजकुराला जितके दिवस उशीर, तितकी पुस्तकं पुढे. आणि पन्नास प्रतींवर ‘प्रकाशन-प्रत, विक्रीसाठी नाही’ अशी ओळ. कागदी आणि पक्की बांधणी या नियमाने वेगळ्या आवृत्त्या, त्यांना आयएसबीएनही वेगवेगळे लागतात. विक्रीच नसेल, तर त्या पन्नासांचा प्रश्न मिटतो.

पहिली अट त्यांना जाचक वाटली. पण घाईत सगळ्यात आधी बळी जातं ते प्रूफ, आणि ती चूक एका प्रतीत नाही, पाचशे प्रतींत छापली जाते. सोमवारी रात्री बाप-लेक प्रूफं घेऊन बसले. मंगळवारी साडेअकराला ती परत आली. त्यात आजोळच्या गावाचं नाव सहा ठिकाणी दुरुस्त केलेलं होतं.

पुढच्या शनिवारी ते गठ्ठे न्यायला आले. सगळ्यात वरची प्रत काढून त्यांनी माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि पुठ्ठ्यावर बोटाने हलकेच दाबून पाहिलं. तो हलला नाही. शेजारी ते जुनं वाकडं पुस्तक होतं. "हे कुणाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी ‘बघतो’ म्हणालो होतो, त्यांचं," मी म्हणालो.