दोन वॅटमीटर, तीन तारा

पिठाच्या गिरणीतली किंवा वर्कशॉपमधली थ्री-फेज मोटर आर, वाय आणि बी या तीनच तारांवर चालते. न्यूट्रलची तार तिला जोडलेली नसते. अशी मोटर किती वॅट ओढते, हे मोजायला तीन तारांसाठी तीन वॅटमीटर लागतील असे वाटते, पण दोन पुरतात. शिवाय या दोन मीटरांची रीडिंग एकमेकांपासून किती वेगळी आहेत, यावरून मोटरच्या पॉवर फॅक्टरचाही पत्ता लागतो.

वॅटमीटरमध्ये दोन कॉइल असतात. करंट कॉइल तारेच्या मार्गात बसते आणि प्रेशर कॉइल दोन बिंदूंमधले व्होल्टेज घेते. या पद्धतीत पहिल्या मीटरची करंट कॉइल आर तारेत आणि दुसऱ्याची वाय तारेत असते. दोघांच्याही प्रेशर कॉइलचे दुसरे टोक बी तारेला जोडतात. बी तारेत मीटर नसते, तरी तिचा हिशेब सुटत नाही. चौथी वाट नसल्यामुळे आर आणि वाय मधून जेवढा करंट आत जातो, तेवढाच त्या क्षणी बी मधून परत येतो. म्हणजे बी चा करंट वेगळा मोजावा लागत नाही, तो उरलेल्या दोघांवरून ठरलेलाच असतो. आर आणि वाय ची व्होल्टेज बी च्या तुलनेत घेतली की बी चा वाटा त्या दोन मोजमापांत आपोआप सामावतो. दोन्ही रीडिंगची बेरीज म्हणजे एकूण शक्ती. या युक्तिवादात तिन्ही फेजवरचा लोड सारखा असण्याची अट कुठेही येत नाही, त्यामुळे लोड असमतोल असला तरी बेरीज बरोबरच राहते.

लोड समतोल असला, तर दोन्ही मीटर निम्मी-निम्मी शक्ती दाखवतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तसे क्वचितच दिसते. मीटरला मिळणारे व्होल्टेज हे दोन तारांमधले असते आणि ते त्या फेजच्या स्वतःच्या व्होल्टेजपासून ३० अंश सरकलेले असते. एका मीटरसाठी ते एका बाजूला सरकते, दुसऱ्यासाठी उलट बाजूला. मोटरचा करंट व्होल्टेजच्या φ अंश मागे असेल, तर हे मागे राहणे एका मीटरचा कोन कमी करते आणि दुसऱ्याचा वाढवते. तारांमधले व्होल्टेज V आणि तारेतला करंट I धरल्यास:

```
W1 = V × I × cos(30° − φ)
W2 = V × I × cos(30° + φ)
tan φ = √3 × (W1 − W2) / (W1 + W2)
```

φ शून्य असेल, म्हणजे पॉवर फॅक्टर १ असेल, तेव्हाच दोन्ही काटे सारखे थांबतात. पॉवर फॅक्टर ०.८६६ वर आला की एक रीडिंग दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट होते. ०.५ वर दुसरे मीटर शून्यावर येते आणि त्याखाली त्याचा काटा उलटा फिरू लागतो.

४१५ व्होल्टवर चालणाऱ्या, १० अश्वशक्तीच्या एका मोटरचे उदाहरण घेऊ. पूर्ण लोडवर ती सुमारे १४ अँपिअर घेते आणि मीटर ५८१० व २७५० वॅट दाखवतात. बेरीज ८५६० वॅट, फरक ३०६०. सूत्रात हे आकडे घातले की φ सुमारे ३२ अंश येतो आणि पॉवर फॅक्टर ०.८५.

आता पट्टा काढून मोटर रिकामी चालवली. करंट ६ अँपिअरवर उतरतो, पहिले मीटर १५५० वॅट दाखवते आणि दुसऱ्याचा काटा शून्याच्या डावीकडे खुंटीला टेकतो. अशा वेळी त्या मीटरच्या प्रेशर कॉइलची टोके अदलाबदल करतात. काटा सुलटा होऊन ९१० वर येतो, आणि हे रीडिंग वजा धरायचे असते. एकूण शक्ती ६४० वॅट, पॉवर फॅक्टर ०.१५ च्या आसपास. वजा चिन्ह लिहायचे राहिले, तर हीच बेरीज २४६० वॅट होते आणि रिकामी मोटर अडीच किलोवॅट खाते, असा भलताच निष्कर्ष निघतो.

काटा उलटा जाण्यामागे चुकीची जोडणीही असू शकते. ते तपासायला मोटरवर हळूहळू लोड चढवतात. जोडणी बरोबर असेल, तर पॉवर फॅक्टर सुधारत जातो, दुसऱ्या मीटरचे वजा रीडिंग घटत शून्यावर येते आणि मग अधिक बाजूला चढते. पूर्ण लोडवरही काटा उलटाच राहिला, तर एखाद्या कॉइलची टोके उलटी लागलेली आहेत असे समजावे.

दोन रीडिंगमधल्या फरकाचा आणखी एक उपयोग आहे. त्याला १.७३२ ने गुणले की मोटर किती रिॲक्टिव्ह शक्ती घेते ते कळते. पूर्ण लोडवर ३०६० चे असे सुमारे ५३०० व्हीएआर होतात. मीटरच्या पुढे, मोटरच्या बाजूला, ५ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला की त्यातले बहुतेक भागते, आणि मीटर सुमारे ४३७० आणि ४१९० वॅट असे जवळजवळ सारखे होतात. मात्र हाच कपॅसिटर तसाच ठेवून मोटर रिकामी केली, तर तिची गरज सुमारे ४२६० व्हीएआरवर येते आणि कपॅसिटर जास्त ठरतो. आता पहिले मीटर जेमतेम १०५ वॅट दाखवते आणि दुसरे ५३५. मोठे रीडिंग एका मीटरवरून दुसऱ्यावर गेले, म्हणजे करंट मागे राहण्याऐवजी पुढे निघून गेला. बेरीज मात्र ६४० च राहिली.

फरकावरून काढलेल्या या गोष्टींना अटी आहेत. लोड समतोल हवा, व्होल्टेज आणि करंटच्या लहरी शुद्ध साइन आकाराच्या हव्यात आणि फेजचा क्रम माहीत हवा. फेजचा क्रम उलटला की दोन मीटरांच्या भूमिकाही उलटतात, आणि मागे राहणारा करंट पुढे असल्यासारखा भासतो. एका फेजवर वेल्डिंग मशीनसारखा जादा लोड असेल, तर सूत्रातून आकडा निघतो खरा, पण त्याला पॉवर फॅक्टर म्हणता येत नाही.

बेरजेची अट एकच आहे, ती म्हणजे करंटला परतायला चौथी तार नसावी. फ्रेंच अभियंता आंद्रे ब्लोंडेल यांनी १८९३ मध्ये याचा सर्वसाधारण नियम मांडला: जितक्या तारा, त्यापेक्षा एक मीटर कमी. न्यूट्रलसह चार तारांच्या जोडणीत आर, वाय आणि बी या प्रत्येक फेजवर दिवे-पंखे विभागलेले असतात. तिथे बी फेजवरच्या दिव्यांचा करंट बी मधून येऊन न्यूट्रलने परत जातो आणि आर-वाय मधल्या मीटरांना तो दिसतच नाही. फक्त बी वरच लोड असेल, तर दिवे लख्ख पेटलेले असूनही दोन्ही काटे शून्यावर राहतील. अशा ठिकाणी तिसरे वॅटमीटर लावावेच लागते.