जहाजाच्या रडारला छोटी होडी का दिसत नाही?



प्रतिध्वनीचा पाठ शिकवताना रडारचा विषय हमखास निघतो. मग एखादा मुलगा विचारतो, "जहाजावर रडार असतं, तरी ते होडीला कसं धडकतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्या कोकणात तर जास्तच. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, पण पाऊस अजून संपलेला नसतो. चला, एकच उदाहरण घेऊन समजून घेऊ.

ठिपका कसा उमटतो?

समजा, एका मालवाहू जहाजापासून २ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण ३.७ किलोमीटरवर, फायबरची एक होडी आहे. जहाजाचा अँटेना गोल फिरत असतो, साधारण अडीच सेकंदांत एक फेरी. फिरता फिरता तो रेडिओलहरींचे छोटे छोटे झटके सोडतो. यांना स्पंद म्हणतात. स्पंद होडीवर आपटतो आणि त्याचा अगदी थोडा भाग परत येतो.

जाऊन-येऊन अंतर झालं ७.४ किलोमीटर. लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या सुमारे २५ भागांत प्रतिध्वनी हजर! या वेळेवरून अंतर कळतं, आणि त्या क्षणी अँटेनाचं तोंड कुठे होतं यावरून दिशा कळते. स्क्रीनच्या मध्यभागी आपलं जहाज असतं. स्क्रीन ६ मैलांची लावली असेल, तर मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांशावर होडीचा ठिपका उमटतो.

लक्षात घ्या, रडार होडीचं चित्र काढत नाही. ते फक्त "इथून काहीतरी परत आलं" एवढंच सांगतं. लोखंडी जहाजाकडून भरपूर परत येतं. लाकूड आणि फायबर यांच्याकडून फार कमी.

लाटांची गर्दी

वारा वाढला की लाटांचे उभे उतारही लहरी परत पाठवतात. स्क्रीनच्या मध्याभोवती ठिपक्यांचा सडा पडतो, वारा ज्या बाजूने येतो तिकडे जास्त. याला 'सी क्लटर' म्हणतात. आपली होडी याच सड्यात हरवते.

यासाठी रडारला एक बटण असतं. ते जवळच्या प्रतिध्वनींसाठी रडारची संवेदनशीलता कमी करतं. अंतर वाढेल तशी ती हळूहळू पूर्ववत होते. पण खरी मेख इथेच आहे. बटणाला लाट कोणती आणि होडी कोणती हे कळत नाही. होडीचा प्रतिध्वनी लाटेइतकाच दुबळा असेल, तर लाटांबरोबर होडीही पुसली जाते. म्हणून स्क्रीन पूर्ण काळी करायची नसते, थोडे ठिपके मुद्दाम ठेवायचे असतात. मग काही फेऱ्या नीट पाहायचं. लाटांचे ठिपके दर फेरीला जागा बदलतात, पण होडीचा ठिपका त्याच जागी किंवा एका रेषेत हळूहळू सरकत पुन्हा पुन्हा दिसतो.

पाऊस दोनदा फसवतो

मुसळधार पावसात थेंबांचेही प्रतिध्वनी येतात. स्क्रीनवर कापसासारखा मोठा डाग दिसतो आणि त्याच्या आतली होडी झाकली जाते. पावसासाठीचं वेगळं बटण हा डाग पातळ करतं. पण दुसरी अडचण उरतेच: पावसातून जाता-येता लहरी दुबळ्या होतात. त्यामुळे सरीच्या पलीकडची होडीही दिसेनाशी होते, आणि तिथे स्क्रीनवर डागसुद्धा नसतो! जे परत आलंच नाही, ते कुठलंही बटण आणून देऊ शकत नाही.

मोठ्या जहाजांवर म्हणूनच सहसा दोन रडार असतात. एकाच्या लहरींची लांबी सुमारे ३ सेंटीमीटर, दुसऱ्याची १० सेंटीमीटर. तोच थेंब ३ सेंटीमीटरच्या लहरी साधारण शंभरपट जास्त विखुरतो. त्यामुळे पावसात १० सेंटीमीटरचं रडार उपयोगी पडतं. एरवी छोट्या वस्तू बारकाईने पाहायला ३ सेंटीमीटरचं बरं.

मग होडीने काय करायचं?

होडीवर उंच जागी रडार परावर्तक बांधता येतो. धातूचे तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडले की झाला कोपरा. अशा कोपऱ्यात शिरलेली लहर आल्या दिशेनेच परत जाते. वर्गात तीन छोटे आरसे असेच जोडा आणि मुलांना आत पाहू द्या. डोकं कुठेही हलवलं तरी स्वतःचा डोळा कोपऱ्यातच दिसतो.

आणि जहाजाने? समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहेत. छोटी होडी रडारवर पुरेशा अंतरावरून दिसणार नाही, हे गृहीत धरूनच वेग ठरवायचा आणि अपुऱ्या रडार-माहितीवरून निष्कर्ष काढायचा नाही. डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायचाच.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचं उत्तर असं: स्क्रीनवर ठिपका नाही म्हणजे समुद्रात होडी नाही, असं नसतं.