आंबा कोणी खाल्ला?

गेल्या उन्हाळ्यात शहापुरास आमच्या घरी एक लहानसा खटला उभा राहिला. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आमच्या पुतणीने ‘मदर एट अ मँगो’ या वाक्याचे मराठी ‘आईने आंबा खाल्ली’ असे केले. घरातील मंडळी हसली. मुलगी हिरमुसून वही मिटून बसली. “आई गेली म्हणता, मग आई बाई असून खाल्ली का नाही?” या तिच्या प्रश्नास मात्र ‘आपण तसेच म्हणतो’ यापलीकडे कोणापाशी उत्तर नव्हते.

वस्तुतः प्रश्न रास्त होता. ‘गेली’ हे रूप आईच्या मागे जाते, कारण जाण्यास कर्म नाही. खाण्यास आहे, आणि भूतकाळात मराठी क्रियापद कर्त्यास सोडून त्या कर्माच्या मागे जाते. आईने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, तीन आंबे खाल्ले. बाबांनी खाल्ले तरी रूपे हीच. यास आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. याचे मूळ संस्कृतात आहे. ‘रामेण आम्रं खादितम्’ म्हणजे रामाकडून आंबा खाल्लेला झाला. ‘खादितम्’ हे आंब्याचे विशेषण असल्यामुळे त्याने आंब्याचेच लिंग घ्यावयाचे. ‘खाल्ला’ने ती जुनी निष्ठा अद्याप सोडलेली नाही. इंग्रजी ‘एट’ला लिंगच नाही, म्हणून तिकडून येणारे मूल जवळच्या कर्त्याचा हात धरते.

एवढे सांगून आम्ही निश्चिंत झालो, ही आमची चूक. दुसऱ्या दिवशी ‘दादाने छत्री विसरली’ असे वाक्य वहीत हजर! नियम बरोबर, वाक्य चूक. विसरणे, शिकणे ही क्रियापदे कर्म असूनही कर्त्याशीच राहतात: दादा छत्री विसरला, ताई धडा शिकली. अशी क्रियापदे थोडीच आहेत. ती पाठच करावी लागतात. कर्मास ‘ला’ लागला म्हणजे तर क्रियापद दोघांनाही सोडते: आईने मुलीला पाहिले, मुलाला पाहिले. हा भावे प्रयोग.

‘ने’ पाहून प्रयोग ओळखावा, तर ‘मी’ आणि ‘तू’ यांस ‘ने’ दिसतच नाही. तेथे त्यांच्या जागी ‘तो’ घालून पाहावे: ‘मी पोळी खाल्ली’चे ‘त्याने पोळी खाल्ली’ होते, म्हणजे प्रयोग कर्मणी. ‘तू’ची तर आणखीच गंमत आहे. ‘तू पोळी खाल्लीस’ यात ‘ली’ पोळीची आणि शेवटचा ‘स’ तुझा. एकाच शब्दात दोघांची सोय!

शेवटी ‘मी घरी जाऊन आंबा खाल्ला’ या अर्थाचे, परंतु दोन क्रियापदांचे वाक्य दोन्ही मुलांस घातले. मुलीने ‘मी घरी गेले व आंबा खाल्ला’ लिहिले, तिच्या भावाने ‘मी घरी गेलो व आंबा खाल्ला’. दोन्ही वह्या शेजारी ठेवून तीच म्हणाली, “काका, घरी कोण गेले ते कळते, आंबा कोणी खाल्ला ते कळतच नाही.”