भाषा बदला, दावा नको

शोधप्रबंधाचा गोषवारा हाती देऊन विद्यार्थी म्हणतो, “सर, जरा अकॅडेमिक करून द्या.” समजा, त्यात लिहिलंय: “आम्ही 40 कांदा उत्पादकांशी बोललो. ठिबक वापरणाऱ्यांना पाणी कमी लागतं असं दिसलं.”

पहिल्या फेरीत संपादक लिहितो: “40 शेतकऱ्यांच्या मुलाखतींतून ठिबकमुळे पाण्याची बचत होते हे सिद्ध झाले.” वाक्य भारदस्त झालं, पण दावा फुगला. ‘दिसलं’चं ‘सिद्ध झाले’ झालं. ‘मुळे’ने कार्यकारणभाव घुसवला, मूळ वाक्यात फक्त तुलना होती. ‘वापरणारे’ गळाल्याने निष्कर्ष सगळ्यांना लागू झाला.

जपून केलेला बदल असा: “40 कांदा उत्पादकांशी केलेल्या संवादात, ठिबक सिंचन वापरणाऱ्यांना तुलनेने कमी पाणी लागत असल्याचे आढळले.” इथे बोली प्रमाण झाली, ‘आम्ही’ गेलं, दावा तेवढाच राहिला. ‘संवाद’ऐवजी ‘मुलाखत’ लिहायचं, तर ठरावीक प्रश्नावली होती का, हे आधी विद्यार्थ्याला विचारावं.

शेवटी दोन्ही मजकुरांतले आकडे, क्रियापदं आणि ‘काही’, ‘बहुधा’सारखे शब्द अधोरेखित करून जोड्या लावाव्यात. जोडी जुळली नाही, तिथे अर्थ सरकलेला असतो.